गाडी का लागते आणि कशाने थांबते?

प्रश्न : मी स्वतः गाडी चालवतो तेव्हा वळणांचा काही त्रास होत नाही. मागे बसून मोबाइल पाहिला की मात्र थोड्याच वेळात मळमळतं. असं का?

वळण, वेग आणि ब्रेक यांची खबर मेंदूला आतल्या कानातून मिळते. मोबाइलवर खिळलेले डोळे त्याच वेळी सगळं स्थिर असल्याचं सांगतात. या दोन बातम्या जुळत नाहीत, तिथून मळमळ सुरू होते. ज्यांच्या आतल्या कानाचं तोल सांभाळण्याचं काम पूर्ण बंद पडलंय, त्यांना गाडी लागतच नाही.

चालवणाऱ्याला वळण आधीच ठाऊक असतं. पुढच्या वेळी नीट बघा : चालकाचं डोकं वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं, प्रवाशांची डोकी बाहेर फेकली जातात. म्हणून पुढच्या सीटवर बसा, डोकं हेडरेस्टला टेकवा आणि दूरवरचा रस्ता बघत राहा. मागेच बसावं लागलं, तर मोबाइल ठेवून डोळे मिटणं उत्तम. बाजूच्या काचेतून पळती झाडं पाहून फारसा फायदा होत नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. मळमळतंय म्हणाली की लगेच गोळी देतो, तरी उलटी होतेच. गोळी बदलावी का?

आधी वेळ बदला. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारखी औषधं निघण्याआधी अर्धा ते एक तास पोटात जायला हवीत. मुलीसाठी कोणतं औषध आणि किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. या औषधांनी झोप येते. काही मुलं उलट चिडचिडी होतात. पोट बिघडल्यावर देतात ते ऑन्डान्सेट्रॉन इथे फारसं चालत नाही.

साधारण सहा ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो. बडबडणारी मुलगी एकाएकी गप्प झाली, जांभया देऊ लागली, चेहरा पांढरा पडला, तोंडाला पाणी सुटलं, की ती काही म्हणायची वाट पाहू नका. तेव्हाच गाडी थांबवून तिला खाली उतरवा. मागच्या सीटवर तिला समोरच्या सीटची पाठच दिसत असेल, तर पट्ट्याची सोय पाहून मधल्या जागी बसवा. तिथून पुढचा रस्ता दिसतो.

प्रश्न : आलं, मनगटाचे पट्टे, रिकामं पोट यांतलं काय खरं?

पट्ट्यांचा खरा उपयोग सिद्ध झालेला नाही. आल्याबद्दलचे पुरावे कच्चे आहेत, पण चघळायला हरकत नाही. पोट रिकामं ठेवू नका. थोडं हलकं खाऊन निघा.

प्रश्न : हे कायमचं जाईल का?

सवयीने बरंच कमी होतं. छोटे प्रवास वारंवार करा आणि मळमळ वाढायच्या आत थांबा. दरवेळी उलटीपर्यंत ताणलं तर मेंदू सरावत नाही. मात्र मोटारीची सवय झाली म्हणजे बोट लागणार नाही असं नाही. तिची हालचाल वेगळी, तिथे सराव बहुधा पुन्हा करावा लागतो.