टीम्सवरच्या निरोपाच्या मेसेजमध्ये इमोजी किती आणि उद्गारचिन्हं किती?

प्रश्न: शुक्रवारी कंपनीतला माझा शेवटचा दिवस आहे. टीम्सवर आमच्या प्लँटच्या ग्रुपमध्ये दीडशेच्या वर लोक आहेत, साहेबांपासून शिफ्ट सुपरवायझरपर्यंत. मेसेज लिहून ठेवलाय, पण बायको म्हणते फार भडक झालाय. इमोजी काढले तर कोरडा वाटतो. काय ठेवू, काय काढू?

«नमस्कार सर्वांना!!! 🙏🙏💐 आज माझा शेवटचा दिवस.... सात वर्षं कशी गेली कळलंच नाही..... 😭😭 काही चुकलं असेल तर माफ करा..🙏 सगळ्यांची खूप आठवण येईल!!! 💐💐 संपर्कात राहूया 👍»

उत्तर:

वहिनींचं बरोबर आहे, पण भडकपणा ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण 💐 आणि 🙏 शेजारी शेजारी बसण्यात आहे. मी अंबडच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे आणि असे मेसेज दर महिन्याला वाचतो. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर ही जोडी रोज कुठे दिसते ते आठवा. गावच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, कुणी गेलं की खाली रांगच लागते: भावपूर्ण श्रद्धांजली 💐🙏. तीच जोडी वाढदिवसालाही चालते, कारण तिथे आधी वाढदिवसाचा उल्लेख असतो. तुमच्या मेसेजमध्ये मात्र तिच्या शेजारी «शेवटचा दिवस» आहे आणि पुढे टिंबं.

त्यात फोनच्या नोटिफिकेशनमध्ये मेसेजची पहिली ओळ-दीड ओळच दिसते. आमच्याकडे मेंटेनन्समधल्या एकाने साधारण असाच मेसेज टाकला होता. सुट्टीवर दिंडोरीला गेलेल्या सुपरवायझरने नाव, हात जोडलेले, फुलं आणि «शेवटचा» एवढंच वाचलं आणि घाबरून मला फोन केला, «साहेब, काय झालं हो त्याला?» तो माणूस तेव्हा माझ्यासमोर बसून नो ड्यूजवर सह्या करत होता. म्हणून पहिल्या ओळीत इमोजी नकोच. आणि फुलं पूर्ण काढा, ती इतरांनी तुम्हाला द्यायची असतात.

आता 😭. चाळिशीच्या पुढच्यांना तो रडणारा चेहरा दिसतो, पंचविशीतली मुलं तोच «हसून हसून पुरेवाट» म्हणून वापरतात. दीडशे जणांच्या ग्रुपमध्ये दोन्ही वयाचे लोक असणार, तेव्हा ज्याचे दोन उलटे अर्थ लागतात तो इमोजी सोडलेला बरा. 🙂 चंही थोडं तसंच आहे. साधं हसू म्हणून तुम्ही टाकाल, तरुणांना त्यात टोमणा दिसतो. त्याऐवजी 😊 घ्या, त्यावर अजून कुणाची तक्रार ऐकली नाही. शेवटचा 👍 मला विशेष खटकला. टीम्सवर 👍 म्हणजे «बघितलं, चालेल». सात वर्षांच्या शेवटी तो आला की एखादं तिकीट बंद केल्यासारखं वाटतं.

टिंबांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती कुणी मनावर घेत नाही. वाक्य संपलं की चार-पाच टिंबं टाकायची सवय आपल्या पिढीला आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं, एक वाक्य संपून दुसरं सुरू झालं एवढंच. वाचणारा मात्र टिंबांमध्ये न बोललेलं शोधतो. «सात वर्षं कशी गेली कळलंच नाही.....» यात कुणाला हुरहूर दिसेल, कुणाला गेल्या वर्षी हुकलेलं प्रमोशन. त्यापुढे «काही चुकलं असेल तर माफ करा..» आलं की कँटीनमध्ये चर्चेला विषय मिळालाच. साधा पूर्णविराम द्या. पूर्णविराम तुटक वाटतो असं मुलं म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण ते एका शब्दाच्या उत्तरापुरतं. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात २०१५ साली यावर अभ्यास झाला होता. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर ते कमी मनापासूनचं वाटतं, असं त्यात आढळलं. चार-पाच वाक्यांच्या परिच्छेदाला ते लागू करायचं कारण नाही.

उद्गारचिन्हासाठी माझी पद्धत सोपी आहे: मेसेज मोठ्याने वाचायचा आणि जिथे आवाज खरोखर चढतो तिथेच ते ठेवायचं. «नमस्कार» म्हणताना आपण ओरडत नाही, तिथे स्वल्पविराम पुरतो. «आठवण येईल» म्हणताना तर आवाज उतरतो, आणि तिथेच तुम्ही तीन दिलीत. शब्द आणि चिन्ह एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, भडक वाटतं ते त्यामुळे.

इमोजी काढल्यावर कोरडं वाटतं हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्याचं कारण असं की तुमच्या मेसेजमध्ये तुमचं असं एकही वाक्य नाही. हाच मेसेज उद्या दुसऱ्या कुणाच्या नावाने गेला तरी चालेल. एक खरी गोष्ट घातली की इमोजीवरचा भार हलका होतो. तुमचे तपशील मला माहीत नाहीत, म्हणून कल्पनेने भरतो:

«नमस्कार मंडळी,

आज कंपनीतला माझा शेवटचा दिवस, सोमवारपासून नवीन नोकरीसाठी चाकणला जातोय. सात वर्षांपूर्वी आलो तेव्हा व्हर्नियर धड वाचता येत नव्हता, तो क्वालिटीतल्या काकांनी शिकवला. ऑडिटच्या आदल्या रात्री दोन वाजता गेटवरच्या मामांनी पाजलेला चहा तर विसरणं शक्यच नाही!

कामाच्या धावपळीत कुणाला कमी-जास्त बोललो असेन तर माफ करा 🙏

नंबर तोच आहे. शनिवार-रविवार नाशिकलाच असतो, फोन करा 😊»

उद्गारचिन्ह एक, इमोजी दोन, आणि दोन्ही वाक्याच्या शेवटी. «चाकणला जातोय» मुद्दाम पहिल्याच वाक्यात घेतलंय, म्हणजे नोटिफिकेशन वाचून कुणी घाबरणार नाही. इमोजी शेवटी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. दृष्टिहीन सहकारी स्क्रीन रीडरवर मेसेज ऐकतात, तेव्हा तो प्रत्येक इमोजीचं नाव वाचून दाखवतो. मध्येच «फोल्डेड हँड्स, फोल्डेड हँड्स, बुके» ऐकू आलं की वाक्याचा धागा तुटतो.

हे मोठ्या ग्रुपचं झालं. तुमच्या सहा-सात जणांच्या लाइनच्या चॅटवर काय वाटेल ते टाका, तिथे 😂 ची रांग लावली तरी हरकत नाही. ग्राहक कंपनीचे लोक असलेल्या ग्रुपमध्ये मात्र इमोजी शून्य. तिथे पुढचं काम कोण बघणार हे लिहा, तेवढंच त्यांना हवं असतं.

मेसेज गेला की खाली शुभेच्छांचा पाऊस पडेल. प्रत्येकाला वेगळं «थँक्स!!» लिहू नका, दीडशे फोन वाजत राहतात. त्यांच्या मेसेजवर ❤️ द्या आणि संध्याकाळी सगळ्यांना मिळून एक ओळ लिहा. नुसता इमोजी वेगळा मेसेज म्हणून पाठवू नका, तो टीम्सवर भलामोठा दिसतो.

टाइप करताना नवीन ओळीसाठी Shift + Enter दाबा. नुसतं Enter दाबलं तर अर्धा मेसेज निघून जातो, आणि तोही नेमका «शेवटचा दिवस» पाशी. आधी तो स्वतःच्याच चॅटवर पाठवून फोनवर कसा दिसतो ते बघा, आणि ग्रुपवर जेवणाच्या सुट्टीआधी टाका. बऱ्याच ठिकाणी आयटीवाले शेवटच्या दिवशी दुपारनंतर अकाउंट बंद करतात, मग राहिलेलं टिंबसुद्धा खोडता येत नाही.