प्रत्यर्पण आणि ‘दुहेरी गुन्हेगारी’

प्रश्न : प्रत्यर्पणाच्या बातमीत ‘दुहेरी गुन्हेगारी’ असा शब्द वाचला. आरोपीने दोन गुन्हे केले, असा अर्थ घ्यायचा का? आणि ‘प्रत्यर्पण’ बरोबर की ‘प्रत्यार्पण’?

आधी सोपे सांगतो. आरोपीला त्याची मागणी करणाऱ्या देशाच्या हवाली करणे, या अर्थाचा हा शब्द. प्रति + अर्पण यांचा संधी ‘प्रत्यर्पण’ असाच होतो. पुढचा शब्द ‘आघात’सारखा दीर्घ ‘आ’ने सुरू झाला, तरच ‘प्रत्याघात’प्रमाणे काना येतो. त्यामुळे ‘प्रत्यार्पण’ रूढ होत चालले असले तरी अशुद्धच आहे.

‘दुहेरी गुन्हेगारी’ने मात्र अर्थाचाच घोटाळा होतो. गुन्हेगारी माणसाची असते, तर इथे प्रश्न कृत्याचा आहे : ते कृत्य मागणी करणाऱ्या देशात गुन्हा आहेच, पण ज्याच्याकडे मागणी केली त्या देशातही ते गुन्हा ठरते का? दोन्हीकडे गुन्ह्याचे नाव एकच असावे लागत नाही, कारण न्यायालय नावाआडचे वर्तन पाहते. म्हणून मी ‘उभयदेशी अपराधत्व’ म्हणेन, किंवा सरळ ‘दोन्ही देशांत गुन्हा असण्याची अट’.

या अटीत काळ किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे पिनोशे प्रकरणात दिसले. चिलीच्या या माजी हुकूमशहाला ऑक्टोबर 1998 मध्ये लंडनमध्ये अटक झाली ती स्पेनच्या मागणीवरून, आणि त्याच्यावरचे आरोप मुख्यतः चिलीतल्या छळाचे होते. परदेशात सरकारी अधिकाऱ्याने केलेला छळ ब्रिटिश कायद्याने 29 सप्टेंबर 1988 पासून गुन्हा ठरवला होता. कृत्य घडले त्या दिवशी ते ब्रिटनमध्येही गुन्हा असले पाहिजे, अटकेच्या दिवशी असून भागत नाही, असे तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मार्च 1999 मध्ये ठरवले, आणि 1973 च्या सत्तापालटापासूनचे बहुतेक आरोप गळाले. छळ झालेल्यांच्या दृष्टीने हे फार जाचक होते, तरी ‘उभयदेशी’ या शब्दाचा नेमका अर्थ यातूनच कळतो. पुढे मार्च 2000 मध्ये पिनोशे चिलीला परतला तो प्रकृतीच्या कारणावरून. त्या सुटकेला ‘मानवी हक्कांच्या आधारे नकार’ म्हणता येणार नाही.

तो नकार वेगळा असतो आणि त्यात दयेचा प्रश्न नसतो. आरोपीला ज्या देशाच्या हाती द्यायचे, तिथे त्याच्या वाट्याला कोणती वागणूक येईल, हे त्यात तपासतात. सोअरिंग खटल्यात व्हर्जिनियातील खुनाच्या आरोपावरून अमेरिकेने एका जर्मन तरुणाची ब्रिटनकडे मागणी केली होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1989 मध्ये ती अडवली, पण केवळ फाशीची शिक्षा संभवते म्हणून नव्हे. फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षे मरणाची वाट पाहणे, गुन्ह्याच्या वेळचे त्याचे अठरा वर्षांचे वय आणि मनःस्थिती हे सारे एकत्र धरता ती अमानुष वागणूक ठरेल, असे न्यायालय म्हणाले. मृत्युदंडाला पात्र ठरणाऱ्या आरोपाखाली खटला चालवणार नाही, अशी हमी अमेरिकेने दिल्यावर 1990 मध्ये त्याचे प्रत्यर्पण झालेही. म्हणून अशा बातमीत ‘प्रत्यर्पण फेटाळले’ एवढेच न लिहिता, हमी मिळेपर्यंत अडवले की कायमचे नाकारले, हेही लिहावे.