न आलेल्या गिऱ्हाईकाकडून किती घ्यायचे?

बडोद्यात दांडिया बाजारात माझं पार्लर आहे. केराटिनचे 3,500 घेते, अडीच तास जातात. वेळ घेऊन बायका येत नाहीत, फोनही करत नाहीत. दंड लावायचा तर किती?

3,500 तर नक्कीच नाही. बाई आली नाही म्हणजे केराटिनचं सामान बाटलीतच राहिलं. समजा ते 900 चं, आणि मदतनीस मुलीला त्या कामाचे 350 देता, तेही वाचले. उरले 2,250. त्या अडीच तासांत थ्रेडिंगला दोघी-तिघी आयत्या आल्या, त्यांचे 250 वजा केले की नुकसान 2,000. भाडं, वीज यात वेगळी मिळवू नका, ती या रकमेतूनच निघायची असतात.

कळवून रद्द केलं तर हिशेब बदलतो. रद्द झालेल्या प्रत्येक वेळेपुढे वहीत दोनच गोष्टी लिहा: किती आधी कळवलं आणि ती जागा पुन्हा भरली का. समजा आदल्या संध्याकाळी कळवल्यावर दहातल्या सहा वेळा दुसरी कुणी मिळते. मग सरासरी नुकसान 800. त्याच दिवशी सकाळी कळवल्यावर दोनदाच मिळते, मग 1,600. जागा भरणं जिथे एकदम आटतं, तिथे तुमची मुदत. सगळीकडे 24 तास लिहितात म्हणून तुम्हीही तेच लिहायला नको. तुमची वही संध्याकाळी सहा म्हणत असेल, तर सहा.

आता 2,000 ही झाली वरची मर्यादा. तेवढे घ्याच असं नाही. हीच बाई महिन्याला फेशियलला येत असेल, तर एका चुकलेल्या दिवसापायी वर्षाचं गिऱ्हाईक जाईल. मी 1,000 ठेवीन, आणि तेही वेळ देतानाच यूपीआयवर ॲडव्हान्स म्हणून घेईन. आली तर बिलातून वजा, सहाच्या आत कळवलं तर परत किंवा पुढच्या तारखेला. नंतर मागायला गेलात की पैसेही येत नाहीत आणि बाईही. थ्रेडिंगसारख्या दहा मिनिटांच्या कामाला मात्र काहीच लावू नका. तिथे वसुलीचा त्रासच जास्त.

मी 50 रुपये दंड लावला, तर न येणारे उलट वाढले. असं कसं?

इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी हेच केलं होतं. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटासा दंड लावला आणि उशीर करणारे वाढले. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकीनी यांचा हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. दंड नव्हता तेव्हा पालकांना संकोच वाटत होता. दंड आल्यावर उशीर विकत मिळू लागला. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही, हे जास्त लक्षात ठेवण्यासारखं. तेव्हा 50 वरून थेट शून्यावर येऊ नका. रक्कम बोचेल इतकी करा, आणि आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवा. त्यात ‘रद्द करायचं असल्यास आज सहापर्यंत कळवा’ एवढं पुरे. बरेच जण नुसते विसरलेले असतात.

नवरात्रात मेकअपचं पूर्ण बुकिंग आगाऊ घेते, ‘पैसे परत नाहीत’ असं लिहिलेलं आहे. अष्टमीचं बुकिंग रद्द करणाऱ्या एका बेन ग्राहक मंचात जाईन म्हणतात. जाऊ शकतात?

जाऊ शकतात. लिहून ठेवलं म्हणजे सगळं आपलं, असं कायदा मानत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार ठरवलेली रक्कम ही मर्यादा असते. मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट ‘अनुचित करारा’त मोडते.

मंचात तुम्हाला एकच प्रश्न विचारला जाईल आणि तोच मी आता विचारते: ती वेळ नंतर भरली का? बडोद्यात अष्टमीच्या गरब्याला मेकअपवाली मिळत नाही म्हणून बायका नंबर लावून बसतात. भरली असेल तर तुमचं काही बुडालं नाही. पैसे परत करा, फार तर थोडे ठेवा. भरली नसेल तर वरच्यासारखा हिशेब मांडा आणि उरलेले द्या. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर ठेवून घेतलेल्या रकमेवरही मूळ सेवेच्याच दराने कर लागतो. ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात तसं स्पष्ट केलं आहे.

मांजलपुरात फिजिओथेरपी करतो. माझे पेशंट आजी-आजोबा. त्यांच्याकडे दंड मागायला जीभ रेटत नाही.

मागू नका. दहा बैठकांचं पॅकेज घ्या, आणि न कळवता चुकलेली बैठक मोजली जाईल हे पहिल्याच दिवशी त्यांच्या मुलासमोर किंवा सुनेसमोर सांगा. पैशाचा विषय पुन्हा निघतच नाही. पहिली चूक माफ करा, पण ‘या वेळची मोजत नाही’ हे बोलून दाखवा. मुकाट्याने सोडलीत तर नियम आहे हेच कळत नाही. ताप, पडणं, हॉस्पिटल यांत मोजायचीच नाही, पुरावाही मागायचा नाही. तीच सबब तिसऱ्यांदा आली, तर त्या आजोबांना सकाळी दहाची वेळ देणं बंद करा आणि दुपारी दोनची द्या, जी एरवीही रिकामीच असते.