हमीभावातली मजुरी आणि सातबाऱ्यावरचे नाव

प्रश्न : ग्रामीण समाजशास्त्राच्या निबंधात शेतकरी स्त्रियांचे विनामोबदला श्रम आणि जमिनीवरील असमान हक्क हे दोन मुद्दे एकमेकांशी कसे जोडावेत?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला असून हाच विषय शिकवतो. माझ्या मते हे दोन मुद्दे हमीभावापाशी जोडले जातात.

हमीभाव सुचवताना कृषी मूल्य आयोग बियाणे, खते, मजुरी अशा रोख खर्चासोबत घरच्या माणसांच्या श्रमाचे मूल्यही मजुरीच्या दराने धरतो. म्हणजे घरच्या बाईने केलेली खुरपणी आणि बडवणी निदान हिशेबात तरी फुकट नसते. मात्र खरेदी केंद्रावर तूर घालायची तर पीकनोंद असलेला सातबारा आणि बँकेचे पासबुक दाखवावे लागते, आणि पैसे त्याच नावावर जमा होतात. तिच्या मजुरीची किंमत धरली जाते ती अशी, आणि ती पोहोचते मात्र जमीन ज्याच्या नावावर त्याच्याकडे.

माझ्या चुलतीचे उदाहरण घ्या. चुलत्यांनी स्वतः खरेदी केलेली सहा एकर जमीन होती. मृत्युपत्र केलेले नव्हते, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांना प्रत्येकी दीड एकर यायला हवी होती. मुलीने वर्षभरात हक्कसोडपत्र करून दिले. माहेर तुटू नये एवढेच तिचे कारण होते, आणि ते कारण तुम्ही हलके मानू नका. चुलतीचे नाव भोगवटादारांत न येता ‘इतर हक्क’ या रकान्यात गेले. तुरीच्या बडवणीला ती रोजंदारीच्या बायकांच्या रांगेतच बसते. संध्याकाळी त्यांना हजेरी मिळते आणि ती धार काढायला गोठ्याकडे वळते. पीककर्ज काढायला गेली तेव्हा बँकेने मुलांना घेऊन यायला सांगितले.

नाव लागले की प्रश्न सुटला, असेही लिहू नका. सामाईक सातबाऱ्यावर नाव असूनही वाटप झालेले नसेल तर कर्जाला इतर खातेदारांची संमती लागते आणि विक्रीचा निर्णय बहुधा घरातले पुरुषच घेतात.

क्षेत्रकार्यात नुसता सातबारा पाहून थांबू नका, त्यासोबत वारसाचा फेरफारही मागवा. सातबाऱ्यावर आज कोण आहे ते दिसते. कोणाचे नाव कधी आणि कोणत्या कागदाने कमी झाले, ते फेरफारात सापडते. त्याच घरातल्या बाईचा काढणीच्या हंगामातला एक दिवस पहाटेपासून तासागणिक लिहून घ्या, आणि त्यातल्या ज्या कामाला त्या गावात मजूर लावला जातो त्यापुढे चालू हजेरीचा दर मांडा.