नऊ दिवसांच्या बाळाचा डोस

"मॅडम, बाळ 9 दिवसांचं आहे, वजन 3 किलो. अंग गरम लागतंय. मोठा 15 किलोचा आहे, त्याचं तापाचं औषध घरात आहे. त्याचा पाचवा हिस्सा बाळाला दिला तर चालेल ना? डॉक्टरसुद्धा वजन बघूनच देतात की!"

नाही ताई, देऊ नका. आधी काखेत थर्मामीटर लावा, असं मी लालबागच्या या आईला फोनवरच सांगितलं. पारा 101 फॅरनहाइटवर गेला होता. पहिल्या 28 दिवसांत 100.4 किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो रक्तातल्या संसर्गाचा एकमेव इशारा असू शकतो. घरच्या औषधाने ताप उतरला की तो इशाराच दिसेनासा होतो. म्हणून त्यांना लगेच परळला, नवजात विभाग असलेल्या रुग्णालयात जायला सांगितलं.

बाळ दाखल झाल्यावर वडिलांनी मला विचारलं, "पण आमच्या हिशेबात चुकलं काय?" प्रश्न रास्त होता. त्यांचा भागाकार बरोबर होता. पण औषध शरीरात किती जातं एवढंच वजनावरून कळतं, ते बाहेर किती वेळात पडेल हे कळत नाही.

बरीचशी औषधं तेलकट स्वभावाची असतात, ती लघवीतून सहज जात नाहीत. यकृत त्यांच्यावर दोन टप्प्यांत काम करतं. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम नावाची एन्झाइम्स औषधाचं ऑक्सिडेशन करतात, म्हणजे रेणूवर पुढची जोडणी करता येईल अशी जागा तयार करतात. दुसऱ्या टप्प्यात त्या जागी पाण्यात विरघळणारा एखादा रेणू जोडला जातो. हा रेणू बहुतेक वेळा साखरेपासून बनलेलं ग्लुकुरोनिक आम्ल असतो. या जोडणीला ग्लुकुरोनिडेशन म्हणतात. ती झाली की औषध लघवीतून किंवा पित्तातून निघून जातं. काही औषधांच्या रेणूवर अशी जागा मुळातच असते, त्यांना पहिल्या टप्प्याची गरज पडत नाही.

नवजात बाळात ही ग्लुकुरोनिडेशनची एन्झाइम्स अगदी कमी असतात. बिलिरुबिन हे रक्तातलं पिवळं द्रव्य बाहेर काढणारं एन्झाइम जन्मावेळी मोठ्यांच्या जेमतेम 1 टक्का काम करतं. तिसऱ्या दिवशी हे बाळ पिवळं दिसत होतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकने हा धडा फार महागात शिकवला. त्याच्या रेणूवर जोडणीची जागा आधीच असते, त्यामुळे त्याची सगळी भिस्त दुसऱ्या टप्प्यावर. 1950 च्या दशकात ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मोठ्या डोसमध्ये दिलं गेलं. तीन-चार दिवसांत बाळं दूध ओढेनाशी व्हायची, उलट्या व्हायच्या, पोट फुगायचं, अंग थंड आणि राखाडी पडायचं. कित्येक बाळं दगावली. 1959 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या मृत्यूंचा संबंध औषधाशी जोडून दाखवला. पुढे याला ग्रे बेबी सिंड्रोम हे नाव पडलं.

वडिलांना मी कागदावर आकडे मांडून दाखवले. मोठ्या माणसात क्लोरॅम्फेनिकॉल साधारण 4 तासांत निम्मं होतं, पहिल्या काही दिवसांच्या बाळात मात्र त्याला सुमारे 26 तास लागतात. दर 6 तासांनी डोस दिला, तर पुढच्या डोसच्या वेळी मोठ्या माणसात आधीचा एक तृतीयांशच्या आसपास उरलेला असतो, बाळात 85 टक्के. चौथ्या डोसनंतर मोठ्याच्या अंगात दीड डोसइतकं औषध असतं, बाळाच्या अंगात तीनपेक्षा जास्त. आणि ते साचतच जातं. पहिला डोस वजनाच्या हिशेबाने अगदी अचूक असला, तरी हे होणारच.

घरातलं औषध पॅरासिटामॉल होतं. नवजात बाळ त्याला ग्लुकुरोनिक आम्लाऐवजी मुख्यतः सल्फेट जोडतं, आणि ती व्यवस्था जन्मतःच बऱ्यापैकी तयार असते. म्हणून डॉक्टर गरज पडल्यास नवजाताला ते देतात, पण दोन डोसमधलं अंतर जास्त ठेवून. यावरून सगळी औषधं अशीच पचतील असं मात्र कृपा करून समजू नका. पहिला टप्पाही कच्चाच असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मधेच थांबू नये म्हणून कॅफिन देतात. मोठ्यांमध्ये ते सुमारे 5 तासांत निम्मं होतं, या बाळांत तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे दिवसातून एकच डोस पुरतो.

"मग वजनावर कधीपासून भरवसा ठेवायचा?" त्यांनी विचारलं. सगळ्या औषधांना लागू पडेल अशी एक तारीख नाही. बिलिरुबिनचं एन्झाइम तीन-चार महिन्यांत मोठ्यांच्या पातळीला येतं, मॉर्फिनसारखी औषधं हाताळणाऱ्या एन्झाइमला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून बाळासाठी औषध घेताना डॉक्टरांना किंवा केमिस्टला वजनासोबत दोन गोष्टी नक्की सांगा: बाळ किती दिवसांचं आहे, आणि ते गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात जन्मलं.