एकच वाक्य, तीन उत्तरे

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे आणि पुढे समुपदेशक व्हायचे ठरवले आहे. उपचारपद्धतींच्या प्रकरणाचा सारांश लिहिताना मी तंत्रे, समुपदेशकाची भूमिका आणि केसवरून तुलना असे तीन तक्ते केले. मॅडमनी त्यावर ‘हे पाठांतर झाले’ असा शेरा मारला. नेमके काय चुकले?

उत्तर : तंत्रे आणि भूमिका या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या तक्त्यांत टाकल्या, तिथेच गाडी अडली असावी. ‘मुक्त साहचर्य’, ‘विचारनोंद’, ‘भावनांचे परावर्तन’ ही नावे एका रकान्यात आणि ‘तटस्थ’, ‘मार्गदर्शक’, ‘समानुभूतीपूर्ण’ ही विशेषणे दुसऱ्या रकान्यात लिहिली, की त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही कळले आहे की नाही याची शंका येते. त्यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक तंत्रापुढे ‘हे कोण करते आणि त्या वेळी दुसरा काय करत असतो’ एवढे एक वाक्य लिहावे. मुक्त साहचर्य समुपदेशार्थी करतो. मनात येईल ते न गाळता बोलणे हे त्याचे काम असते, आणि समुपदेशक ऐकत राहून योग्य वेळ आल्यावरच अर्थ लावून दाखवतो. विचारनोंद समुपदेशार्थी दोन भेटींच्या मधल्या दिवसांत घरी भरतो, पण ती कशी भरायची हे समुपदेशक आधी त्याच्याबरोबर बसून शिकवतो आणि पुढच्या भेटीत दोघे मिळून वाचतात. असे लिहू लागलात की भूमिकेसाठी वेगळा तक्ता लागतच नाही.

प्रकरणात सात-आठ पद्धती असल्या, तरी सविस्तर तुलनेसाठी तीनच निवडा : व्यक्तिकेंद्रित, बोधात्मक-वर्तनीय आणि मनोविश्लेषणातून आलेली मनोगतिकीय. बाकीच्यांना दोन-दोन ओळी पुरेत. तुलनेसाठी केसही एकच घ्या आणि ती इतकी बारकाईने रंगवा की तिच्यातले एखादे वाक्य हातात धरता येईल.

मी वर्गात घेतो ती काल्पनिक केस देतो. एक पदवीचा विद्यार्थी आहे. लेखी परीक्षेत तो चांगले गुण मिळवतो, पण तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला झोप येत नाही, परीक्षकांसमोर घसा कोरडा पडतो आणि गेल्या वेळी तर तो दारातूनच परत फिरला. पहिल्या भेटीत हे सगळे सांगताना तो मध्येच थांबतो आणि विचारतो, “सर, मी नीट सांगतोय ना? तुम्हाला कंटाळा येत असेल.” तुमची सगळी तुलना या एका वाक्यावर उभी करा.

व्यक्तिकेंद्रित समुपदेशक साधारण असे म्हणेल : “माझ्याशी बोलतानासुद्धा आपण कुठेतरी कमी पडतोय, असं तुम्हाला वाटतंय.” यात ‘छान सांगताय’ असा दिलासा नाही, कारण शाबासकी देणे म्हणजे पुन्हा गुण देणेच होय, आणि या मुलाने आजवर स्वतःची किंमत दुसऱ्याच्या गुणांवर ठरवली आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये बदलासाठी आवश्यक अशा सहा अटी मांडल्या. सारांशात बहुतेक विद्यार्थी त्यांपैकी तीनच लिहितात : अस्सलपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. सहावी अट मात्र सहसा गळते. समोरच्याला हा स्वीकार आणि ही समानुभूती थोडी तरी जाणवली पाहिजे, असे ती सांगते. मनातल्या मनात कितीही समजून घेतले, तरी ते पोहोचले नसेल तर त्याचा उपयोग नाही. परावर्तनाला निव्वळ तंत्र मानले की शेवटचे शब्द पोपटासारखे परत म्हणण्याची सवय लागते, आणि दोन-तीन वाक्यांतच समुपदेशार्थी चिडतो. तो चिडला, तर समानुभूती पोहोचलेली नाही हे ओळखावे.

बोधात्मक-वर्तनीय समुपदेशक त्याच वाक्यातला अंदाज पकडेल : “मला कंटाळा आलाय, हे आत्ता तुमच्या मनात आलं. किती टक्के खात्री वाटते? आणि ते कशावरून?” समजा तो म्हणाला, नव्वद टक्के, तुम्ही घड्याळाकडे पाहिलेत म्हणून. मग घड्याळाकडे पाहण्याची आणखी कोणती कारणे असू शकतात हे त्यालाच शोधायला लावले जाते आणि खात्रीचा आकडा पुन्हा विचारला जातो. याच रीतीने तोंडी परीक्षेसाठी पायऱ्या ठरतात : आरशासमोर उत्तर देणे, एका मित्रासमोर, अनोळखी वरिष्ठासमोर, सराव-परीक्षेत. प्रत्येक पायरीआधी ‘काय होईल’ हे लिहायचे आणि नंतर ‘काय झाले’ हे लिहायचे. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे या समुपदेशकाला ‘सल्ला देणारा’ ठरवणे. भेटीला आखणी असते आणि गृहपाठही असतो, परंतु निष्कर्ष समुपदेशार्थीच काढतो. आरन बेक यांच्या पद्धतीचा भर प्रश्न विचारून मिळून पडताळण्यावर आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत याच घराण्यातली असली, तरी तिथे समुपदेशक अविवेकी समजुतीला अधिक उघडपणे आव्हान देतो, म्हणून दोघांना एकाच ओळीत कोंबू नका. आणखी एक खाचखळगा असा की मुलगा पायऱ्या चढतो, पण प्रत्येक वेळी पाठ केलेला कागद हातात धरून. तेव्हा भीती कमी झाल्यासारखी दिसते आणि कागद काढला की पहिल्याइतकीच परत येते.

मनोगतिकीय समुपदेशकाला या वाक्यात स्वतःची नेमणूक दिसेल. मुलाने त्याला परीक्षकाच्या खुर्चीत बसवले आहे. तो घाईने अर्थ सांगणार नाही, काही भेटींनंतर, असे पुन्हा घडले तर म्हणेल, “इथंही मी तुमची परीक्षा घेतोय असं वाटतं. असं आणखी कोणासमोर वाटायचं?” जुन्या नात्यातली भावना समुपदेशकावर येऊन बसणे, म्हणजेच भावसंक्रमण, हे फ्रॉइड यांना आधी अडथळा वाटले आणि पुढे तेच उपचाराचे मुख्य साधन ठरले. तटस्थतेचा अर्थही इथूनच कळतो : समुपदेशकाने आपली मते पुढे केली, तर मुलाने काय लादले आणि खरे काय होते हे वेगळे करता येत नाही. मर्यादाही स्पष्ट लिहा. परीक्षा तीन आठवड्यांवर असेल, तर हा मार्ग निवडणे शहाणपणाचे नाही.

लिहून झाल्यावर पद्धतींची नावे झाकून तीनही उत्तरे मैत्रिणीला वाचायला द्या. तिला ती ओळखता आली नाहीत, तर केस अजून ढोबळ आहे असे समजून तीच दुरुस्त करा, व्याख्या वाढवू नका. तुलनेच्या शेवटी ‘फायदे-तोटे’ लिहिण्याऐवजी बरे वाटू लागल्याची खूण लिहा. दुसऱ्या पद्धतीत ती आकड्यात दिसते : नव्वद टक्क्यांचा अंदाज चाळीसवर येतो आणि मुलगा परीक्षेच्या खोलीत कागदाशिवाय बसतो. पहिल्या पद्धतीत ‘नीट सांगतोय ना’ हा प्रश्न हळूहळू विचारलाच जात नाही. तिसऱ्या पद्धतीत एखाद्या दिवशी तो स्वतःहून म्हणतो, “मागच्या वेळी मी तुमच्यावर रागावलो होतो, पण तो राग तुमच्यावरचा नव्हता.”