हातउसने दिलेले पैसे आणि तीन वर्षांची मुदत

प्रश्न : साडेतीन वर्षांपूर्वी मित्राला दोन लाख रुपये उसने दिले, लेखी काहीच केले नाही. आता तो टाळाटाळ करतो. कोर्टात जाता येईल का? मुदत केव्हापासून मोजतात?

उत्तर : परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, तर तुमची मुदत बहुधा संपली आहे. तोंडी व्यवहारावरही दावा करता येतो, कागद नसणे ही केवळ पुराव्याची अडचण आहे. मात्र १९६३ च्या मुदत कायद्यानुसार असा दावा तीन वर्षांत दाखल करावा लागतो आणि ही वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. चेकने दिले असल्यास चेक वटल्यापासून.

याच मुद्द्यावर आमच्या घरात मोठा वाद झाला होता. माझ्या थोरल्या बंधूंनी २० ऑगस्ट २०१२ रोजी एका सहकाऱ्याला दीड लाख रुपये दिले होते आणि ‘मागाल तेव्हा देईन’ एवढेच बोलणे झाले होते. त्यामुळे मुदत मागणी केल्यापासून सुरू होते, असे बंधूंचे ठाम मत होते. ते साफ चुकीचे होते. मागणीपासून मुदत मोजण्याचा नियम ठेवीसाठी (अनुच्छेद २२) आहे. मागताच फेडायच्या कर्जाला अनुच्छेद २१ लागू होतो आणि त्यात कर्ज दिल्याचा दिवसच धरतात. पुढे २०१५ मध्ये त्यांनी वकिलाची नोटीस पाठवली आणि आता मुदत वाढली असे समजून ते निश्चिंत झाले. नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

मी हट्ट धरल्यामुळे ते सहकाऱ्याकडे गेले. ३ जुलै २०१५ रोजी त्याने दहा हजार रुपये परत केले आणि ‘उसन्या दीड लाखांपैकी दहा हजार दिले, एक लाख चाळीस हजार देणे बाकी’ असे स्वहस्ते लिहून सही केली. त्या चिठ्ठीत कर्जाची लेखी कबुली (कलम १८) आणि अंशतः परतफेड (कलम १९) दोन्ही आल्या, आणि २० ऑगस्ट २०१५ ला संपणारी मुदत ३ जुलै २०१८ पर्यंत गेली. २०१७ मध्ये दावा केला तेव्हा समोरच्या वकिलाने पहिली हरकत मुदतीचीच घेतली, ती या चिठ्ठीमुळे टिकली नाही. बंधू मात्र अजूनही श्रेय नोटिशीलाच देतात.

अशी कबुली मुदत संपण्यापूर्वीच व्हावी लागते. त्यामुळे मित्राने आता नुसते ‘देणे आहे’ असे लिहून दिल्यास ते निरुपयोगी ठरेल. दाव्याच्या बाबतीत उशीर माफ होत नाही आणि प्रतिवादी गप्प बसला तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो. ठरावीक तारखेला पैसे देण्याचे ठरले असेल, तर हिशेब बदलतो आणि तीन वर्षे ती तारीख चुकल्यापासून मोजली जातात, पण तशी तारीख ठरल्याचे तुम्हाला सिद्ध करावे लागेल. ते शक्य नसेल, तर मुदतबाह्य रक्कम फेडण्याचे स्पष्ट लेखी वचन मित्राच्या सहीनिशी घ्या. करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार तो नवा करार ठरतो आणि त्यावर दावा करता येतो.